वेफर्सच्या बटाट्याचा करार: माल कुठे तपासणार?

मुंबईच्या वेफर्स कारखान्याशी बटाट्याचा करार करताना भावाआधी तपासणीची जागा बघा. तपासणी कारखान्याच्या गेटवर असेल, तर वाटेत लागलेला मारही तुमच्याच नावावर. १० टन माल, १५ रुपये किलो, १२ टक्के नापास, म्हणजे १८,००० रुपयांचं बिल कापलं जातं. नापास माल परत आणायचं भाडं वेगळंच. म्हणून वजन आणि प्रतवारी शेतावर, गाडी भरण्याआधी, तुमच्यासमोर व्हावी. हिरवे, कापलेले, बारीक बटाटे किती टक्के चालतील ते आकड्यात लिहून घ्या. ‘कंपनीच्या निकषाप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असेल तर सही करू नका. नापास माल बाजारात विकायची मुभाही हवी. कंपनी बियाणं उधार देणार असेल, तर त्याचा दर मात्र लागवडीआधीच ठरवा, आणि उगवण कमी निघाली तर तो किती कमी होणार, हेही.