फवारणी वाढली की नुकसान वाढतं? सहगुणकाचं चिन्ह उलटतं तेव्हा काय तपासायचं

तासगाव भागातल्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "ज्यांनी जास्त फवारण्या घेतल्या, त्यांचेच घड डाउनी रोगानं जास्त गेले." आकडे मांडले तर रिग्रेशनही हेच म्हणेल. मग त्यात पावसाचे दिवस घाला, फवारणीचा सहगुणक, म्हणजे एका फवारणीमागं नुकसान किती बदलतं तो आकडा, अधिकाचा उणे होतो. हे कसं घडतं ते सहा बागांवर हातानं करून पाहू. आकडे मी समजावण्यासाठी मुद्दाम सोपे घेतले आहेत. खऱ्या बागेत ते इतके सरळ नसतात.

दोन बागांत छाटणीनंतर पावसाचे 2 दिवस आले. त्यांत फवारण्या 4 आणि 6, गेलेले घड शेकडा 10 आणि 8. पुढच्या दोन बागांत पाऊस 6 दिवस, फवारण्या 7 आणि 9, नुकसान 15 आणि 13. शेवटच्या दोन बागांत पाऊस 10 दिवस, फवारण्या 10 आणि 12, नुकसान 20 आणि 18.

आधी नुसती फवारणी घालून रिग्रेशन चालवा, मग पाऊसही घाला. आर या सांख्यिकी भाषेत इतकंच लिहायचं आहे:

```
fav  <- c(4, 6, 7, 9, 10, 12)
paus <- c(2, 2, 6, 6, 10, 10)
ghad <- c(10, 8, 15, 13, 20, 18)
coef(lm(ghad ~ fav))
coef(lm(ghad ~ fav + paus))
```

पहिल्या वेळी फवारणीचा सहगुणक अधिक 1.29 येतो. दुसऱ्या वेळी तो उणे 1 होतो आणि पावसाचा अधिक 2 येतो.

आता कागद-पेन घ्या, कारण खरी समज इथे येते. सारख्या पावसाच्या जोड्या शेजारी ठेवा. प्रत्येक जोडीत दोन फवारण्या जास्त घेणाऱ्याचं नुकसान दोन टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे एका फवारणीमागं उणे 1. दुसऱ्या रिग्रेशननं दिलेला आकडा हाच. पाऊस 'स्थिर ठेवून' असं आपण म्हणतो, त्याचा अर्थ अशी जोडीतली तुलना.

मग अधिक 1.29 कुठून आला? या सहा बागांत फवारणी एकानं वाढते तेव्हा पावसाचे दिवस सरासरी 1.143 नं वाढतात, कारण पाऊस पडतो म्हणूनच माणूस पंप काढतो. पावसाचा दर दिवस 2 टक्के नुकसान करतो, म्हणजे 1.143 दिवसांचं 2.29. त्यातून फवारणीनं वाचवलेला 1 वजा केला की 1.29 उरतो. पहिला आकडा खोटा नव्हता. जास्त फवारलेल्या बागांत नुकसान जास्त होतं हे त्यानं बरोबर सांगितलं. पण 'फवारू का नको' हा प्रश्न त्याला विचारलाच नव्हता.

याच उदाहरणाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. नुसता पाऊस घालून रिग्रेशन करा: सहगुणक 1.25 येतो. फवारणी जोडली की तोच 2 होतो. पावसाच्या दर दिवसामागं पाऊण फवारणी वाढते, ती 0.75 टक्के नुकसान वाचवते, आणि 2 मधून 0.75 गेले की 1.25. फवारणीनं पावसाचा खरा जोर दाबून धरला होता. दुसरा चल घातल्यावर पहिल्याचा परिणाम कमी होण्याऐवजी वाढतो, तेव्हा त्या दुसऱ्याला सप्रेसर म्हणतात. पॉल हॉर्स्ट यांनी 1941 मध्ये ही कल्पना मांडली. त्यांच्या मूळ मांडणीत सप्रेसरचा निकालाशी नुसता सहसंबंध जवळपास शून्य असतो. आपल्या उदाहरणात तो आहे, पण उणे सहगुणकाच्या उलट्या चिन्हाचा, म्हणजे अधिक.

तुमच्या आकड्यांत चिन्ह उलटलं तर आधी दोन चल एकमेकांना किती चिकटलेत ते बघा. इथे फवारणी आणि पाऊस यांचा सहसंबंध 0.93 आहे, त्यामुळे सहगुणकाचं विचरण किती पट फुगलं हे मोजणारा व्हीआयएफ 7 येतो, म्हणजे सहगुणकाची प्रमाण त्रुटी 7 च्या वर्गमुळाइतकी, जवळजवळ 2.6 पट फुगते. खऱ्या, गोंगाट असलेल्या आकड्यांत इतक्या चिकट चलांचं चिन्ह निव्वळ योगायोगानंही फिरतं. म्हणून एकेक बाग वगळून रिग्रेशन पुन्हा चालवा. एका बागेवरून चिन्ह इकडचं तिकडं होत असेल तर त्यावर विसंबू नका. सारख्या पावसाच्या जोड्या सापडत असतील तर तीच तुलना डोळ्यांनी करून पाहा.

आणि कोणता चल घालताय, त्याचा काळ पाहा. पाऊस फवारणीच्या आधीचा, म्हणून तो घालणं योग्य. पण फवारणीनंतर पानांवर दिसलेल्या डाउनीच्या डागांची संख्या घातलीत, तर फवारणीनं ज्या वाटेनं काम केलं तीच वाट तुम्ही बंद केली. मग सहगुणक शून्याकडे सरकेल, कदाचित उलटेलही, आणि औषध लागू पडलं असूनही आकडा 'उपयोग नाही' म्हणेल.