इमिग्रेशन ऑफिसचा फोन आला? घाबरण्याआधी या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागची एक मुलगी शिकागोजवळ मास्टर्स करतेय असं समजा. दुपारी फोन वाजतो, स्क्रीनवर वॉशिंग्टनचा नंबर. समोरचा माणूस नाव सांगतो, बॅज नंबर सांगतो आणि म्हणतो, "मागच्या सेमिस्टरला तुम्ही पत्ता बदललात, पण फॉर्म भरला नाही. तुमचा सेव्हिस रेकॉर्ड रद्द होतोय, संध्याकाळपर्यंत वॉरंट निघेल." सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन सरकारची यंत्रणा. मुलीनं खरंच खोली बदललेली असते, त्यामुळे तिथंच पाय लटपटतात.

या थापेत एक धागा खरा आहे, म्हणून ती पचते. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यानं पत्ता बदलला की १० दिवसांच्या आत युनिव्हर्सिटीच्या डीएसओला, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. भाड्याच्या खोल्या तर सगळीच मुलं बदलतात. अंधारात मारलेला दगड कुणाला ना कुणाला लागतोच.

नंबर गुगल करून खात्री करणं

ठग स्वतःच सांगतो, "हा नंबर वेबसाइटवर तपासा." तपासला तर तो खरोखर सरकारी ऑफिसचाच निघतो. पण स्क्रीनवर कुठला नंबर दिसावा हे फोन करणाऱ्याला ठरवता येतं. स्पूफिंग म्हणतात ते हेच. म्हणून आलेल्या फोनचा नंबर हा पुरावा धरायचाच नाही. आपण स्वतः तो नंबर फिरवला तरच खऱ्या ऑफिसात लागतो.

"माझा सेव्हिस नंबर सांगा बघू" अशी परीक्षाही काही मुलं घेतात. ती फारशी कामाची नाही. कुठून तरी फुटलेल्या माहितीतून त्यानं बरोबर उत्तर दिलं, तर उलट आपला विश्वास बसतो. मग पासपोर्टचे दोन आकडे तो सांगतो आणि उरलेले "कन्फर्म" करायच्या नावाखाली आपल्याकडून काढून घेतो.

फोन चालू ठेवणं

"फोन ठेवलात तर अटक होईल, कुणाला सांगू नका, प्रकरण गोपनीय आहे." या वाक्यावर सगळा डाव उभा असतो, कारण तिनं एक फोन रूममेटला लावला तरी तो कोसळतो. उद्धटपणा वाटला तरी चालेल, फोन कट करा.

मग आय-२०, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटीनं दिलेला प्रवेशाचा फॉर्म, काढा. पहिल्या पानावर युनिव्हर्सिटीच्या अधिकाऱ्याचं नाव असतं. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करा, इंटरनॅशनल ऑफिसचा नंबर तिथून घ्या आणि एवढंच विचारा, "माझा सेव्हिस रेकॉर्ड अ‍ॅक्टिव्ह आहे का?" डीएसओला ते कॉम्प्युटरवर दिसतं. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद असेल तर सोमवारपर्यंत थांबा. खरी कारवाई दोन तासांच्या मुदतीवर फोनवरून होत नसते. फारच धास्ती वाटली तर कॅम्पस पोलिसांचा नंबरही त्याच वेबसाइटवरून घेऊन लावा.

"दंड" भरणं

गिफ्ट कार्डचे मागचे आकडे वाचून दाखवायला सांगितलं की तिथंच ओळखा. अमेरिकन सरकार कुठलीही फी गिफ्ट कार्डानं किंवा क्रिप्टोनं घेत नाही. सेव्हिसची ३५० डॉलरची फी तर व्हिसा इंटरव्ह्यूच्या आधीच भरलेली असते. तिची पावती घरातल्या फायलीत असेल, ती काढून बघा.

ईमेलमध्ये हाच डाव "युनिव्हर्सिटीचं बँक खातं बदललंय" असा येतो. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, म्हणून नावावर बोट दाबून पूर्ण पत्ता बघा. शेवटी `.edu` असलं तरी निर्धास्त होऊ नका, कारण एखाद्या विद्यार्थ्याचं हॅक झालेलं खातंही `.edu` चंच असतं. फी कुठं भरायची ते स्टुडंट पोर्टलवर लॉगिन करूनच बघायचं.

आईवडिलांनी लगेच पैसे पाठवणं

शिकागोत दुपारचे दोन वाजतात तेव्हा हिवाळ्यात सांगलीत मध्यरात्रीचा दीड झालेला असतो. त्या वेळी पप्पांना फोन येतो, "तुमची मुलगी अटकेत आहे." मागे कुणी रडतही असतं. पप्पा तिला फोन लावतात तर तो बिझी, कारण दुसऱ्या ठगानं तिला तिकडं लाइनवर धरून ठेवलेलं असतं. यासाठी रूममेटचा आणि इंटरनॅशनल ऑफिसचा नंबर घरच्यांकडे आधीपासून लिहिलेला हवा. बोलणं झाल्याशिवाय एक रुपयाही हलवायचा नाही.

पैसे गेलेच असतील तर इथून पाठवणाऱ्यानं त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करावा आणि आपल्या बँकेला कळवावं; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता तेवढ्यातच असते. तिकडं गिफ्ट कार्ड घेतलं असेल तर कार्ड आणि पावती फेकू नका, ताबडतोब त्या कार्डाच्या कंपनीला फोन लावा. पासपोर्ट किंवा सोशल सिक्युरिटी नंबर सांगून बसला असाल, तर तेही डीएसओला स्पष्ट सांगा. अशी प्रकरणं त्यांच्याकडे आधीही आलेली असतात.