मिनिटाला हजार शब्द, आणि निसटलेलं एक ‘खेरीज’

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या अभ्यासिकेच्या जिन्यात एक जाहिरात चिकटवलेली असते: मिनिटाला १००० शब्द वाचा. राज्यसेवेची तयारी करणाऱ्या एका पोरानं तो क्लास केला. पान भराभर उलटायचा, पण राज्यघटनेचे प्रश्न हमखास चुकायचे.

यात दोष डोळ्यांच्या रचनेचाच. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. दर उडीनंतर ती साधारण पाव सेकंद थांबते, आणि त्या थांब्यात जेमतेम एखाद-दोन शब्दच स्पष्ट दिसतात. म्हणजे मिनिटाला सुमारे २४० थांबे. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेगही याच्याच आसपास आहे. हजार शब्द ‘वाचणारा’ मधले बरेचसे गाळतो आणि उरलेल्यांवरून अंदाज बांधतो. विषय ओळखीचा असेल तर अंदाज बरोबरही येतो, म्हणून तर क्लासच्या चाचणीत पोरं खूश होतात.

आता वेग ठरवायचा कसा? आधी मोजा. पाच ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा आणि पानातल्या ओळींनी गुणा. त्या पोराच्या पुस्तकात ९ गुणिले ३०, म्हणजे पानाला २७० शब्द. मग घड्याळ लावून नेहमीसारखं वाचा, पुस्तक मिटा आणि समजलं ते चार ओळींत लिहा. लिहिता आलं तरच तो वेग खरा.

ऊस दराची ५४० शब्दांची बातमी त्यानं ३ मिनिटांत वाचली, मिनिटाला १८०, आणि सगळं नीट सांगितलं. (मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आकडा इंग्रजीपेक्षा कमी दिसला तर घाबरू नका.) त्याच वेगात अनुच्छेद २१ वाचल्यावर त्यानं लिहिलं, ‘कुणाचंही जीवित हिरावता येत नाही.’ मधलं ‘कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धतीखेरीज’ गळालं होतं. प्रश्न नेमका त्यावरच येतो.

अशा मजकुरासाठी एकच रीत: वाक्याचं क्रियापद आधी गाठा. मराठीत ‘नाही’ बहुधा शेवटी बसतं, त्यामुळे अर्थ शेवटच्या शब्दावर उलटू शकतो. मग मागे या आणि ‘खेरीज’, ‘परंतु’, ‘अधीन राहून’ यांखाली पेन्सिल ओढा. मनातल्या मनात उच्चार होत असेल तर होऊ द्या. क्लासवाले तो दाबायला सांगतात, पण अवघड वाक्य त्याच्याच आधारानं धरून ठेवता येतं. या रीतीनं त्याला त्या पानाला साडेचार मिनिटं लागली. मिनिटाला ६० शब्द.

बातम्या, प्रस्तावना, आधी वाचलेलं प्रकरण हे खुशाल चाळा, फक्त त्याला वाचन म्हणू नका. आणि लांब पुस्तकात दर दहा पानांनी पुन्हा चार ओळी लिहून बघा. तिसऱ्या ओळीला पेन अडलं की मागच्या मथळ्यापासून, निम्म्या वेगानं.