ऑर्डरच्या ईमेलचा विषय आणि पहिले वाक्य : या चुका टाळा

खरेदी व्यवस्थापकाला पुरवठादाराकडून येणाऱ्या बहुतेक ईमेलमागे त्याने त्याच्या संगणकप्रणालीत करायचे एखादे नेमके काम असते: दर दुरुस्त करणे, तारीख बदलणे, ड्रॉइंगची नवी आवृत्ती पाठवणे किंवा पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, सुधारून देणे. हे काम कोणते, ते ईमेल उघडण्यापूर्वीच कळले नाही, तर ती ईमेल ‘नंतर पाहू’ या गटात जाते. भोसरीतील एका लहान फास्टनर कारखान्याचा पत्रव्यवहार सांभाळताना माझ्या हातून झालेली चूक नेमकी हीच होती.

आमच्याकडे ५,००० एम१२ बोल्टांची ऑर्डर आली. मान्य झालेल्या कोटेशनमध्ये दर नगाला १४.२० रुपये होता, पण पीओमध्ये १३.८० रुपये आला. फरक एकूण २,००० रुपयांचा होता. मी ‘अर्जंट – ऑर्डरबाबत’ असा विषय देऊन ईमेल पाठवली. तिची सुरुवात ‘आपल्या बहुमोल ऑर्डरबद्दल आम्ही आपले अत्यंत आभारी आहोत’ अशी होती आणि दरातील तफावत तिसऱ्या परिच्छेदात होती. उत्तर आले, ‘नोंद घेतली’. पीओ मात्र सुधारला नाही. आम्ही कोटेशनच्या दराने बिल करून माल पाठवला आणि पीओ, माल स्वीकारल्याची नोंद (जीआरएन) व बिल यांचा ताळा जुळत नसल्यामुळे अख्खे बिल अडकले.

विषयात पहिली चूक ‘अर्जंट’ या शब्दाची होती. तो शब्द घाई सांगतो, मुदत सांगत नाही, आणि दिवसभरात तो अनेक पुरवठादारांकडून येत असल्यामुळे त्याचे वजन उरत नाही. दुसरी आणि मोठी चूक म्हणजे पीओ क्रमांकच नव्हता. खरेदी विभागातील माणूस ईमेल शोधतो ती त्या क्रमांकाने, पुरवठादाराच्या नावाने क्वचितच. क्रमांक पीओवर जसा छापला आहे तसाच, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहावा. तोडून लिहिलेला क्रमांक शोधात सापडेलच असे नाही. तो अगदी सुरुवातीला असावा, कारण मोबाइलच्या पडद्यावर लांब विषयाचे शेपूट कापले जाते. त्या वेळी विषय असा असायला हवा होता:

```
4500012345 आयटम 20: दर दुरुस्ती हवी, 12 जूनपर्यंत
```

ईमेल इंग्रजीत लिहायची असली तरी क्रम हाच ठेवावा: क्रमांक, आयटम, हवी असलेली कृती, मुदत. आयटम क्रमांक आवर्जून द्यावा, कारण एका पीओत अनेक ओळी असतात आणि दुरुस्ती त्यांतील एकाच ओळीत करायची असते.

पहिल्या वाक्याबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. इनबॉक्सच्या यादीत विषयाशेजारी किंवा त्याच्या खाली ईमेलचे पहिले काही शब्द दिसतात. तेथे आभार दिसले, तर ती ईमेल माहितीपुरती वाटते. म्हणून ‘नमस्कार साहेब’ एवढे लिहून लगेच मुद्द्यावर यावे:

```
पीओमधील दर 13.80 रुपये आहे, मान्य कोटेशनमध्ये 14.20 रुपये आहे; माल 14 जूनला निघायचा असल्याने कृपया 12 जूनपर्यंत सुधारित पीओ पाठवावा.
```

या वाक्यात चूक, पुरावा, कृती आणि मुदतीचे कारण आहे. कोटेशनची प्रत जोडावी, म्हणजे त्यांना जुनी ईमेल शोधावी लागत नाही. आभार मानायचे असतील, तर ते शेवटी मानावेत. तेथे ते अधिक मनापासून वाटतात, असे माझे मत आहे.

आपली ईमेल कोठे चुकली, हे येणाऱ्या उत्तरावरून ओळखता येते. ‘कोणता पीओ?’ असे विचारले गेले, तर विषय अपुरा आहे. ‘नोंद घेतली’ एवढेच आले, तर आपण तक्रार मांडली, पण कृती मागितली नाही. दोन गोष्टींपैकी एकीचेच उत्तर आले, तर आपण दर आणि डिलिव्हरीची तारीख एकाच ईमेलमध्ये घातली असण्याची शक्यता आहे. दर खरेदी विभाग पाहतो, तारीख अनेक ठिकाणी नियोजन विभागाकडे जाते, म्हणून अशा वेळी दोन वेगळ्या ईमेल पाठवाव्यात.

महिन्यापूर्वीच्या ‘कोटेशन’ विषयाच्या साखळीतच ‘रिप्लाय’ करून दरदुरुस्ती मागणे हीसुद्धा चूकच आहे, कारण मागणी जुन्या विषयाखाली दडून राहते. पीओ हातात आला की नव्या विषयाची नवी ईमेल सुरू करावी. स्मरणपत्र मात्र त्याच नव्या साखळीत पाठवावे आणि ‘आधीची ईमेल पाहावी’ असे न लिहिता मागणीचे पूर्ण वाक्य पुन्हा पहिल्या ओळीत द्यावे. १२ जून उलटूनही सुधारित पीओ आला नाही, तर फोन करावा आणि बोलण्यात जे ठरले ते त्याच साखळीत एका ओळीत लिहून पाठवावे. सुधारित पीओ हाती येईपर्यंत बिल बनवू नये.