शून्य टक्के हप्त्यावर फ्रिज घेताना या चुका टाळा

बेळगावच्या खडेबाजारात काय किंवा निपाणी-चिकोडीत काय, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरलं की किमतीआधी हप्ता ऐकू येतो. "तीन हजार महिना, व्याज शून्य, कार्डसुद्धा नको. आधार-पॅन द्या, झालं." पाच-दहा मिनिटांत ओटीपी येतो, काउंटरवरचा पोरगा फोटो काढतो आणि फ्रिज टेम्पोत चढतो.

पहिली चूक इथेच होते. आपण हप्त्याचं गणित विचारतो, रोखीचा भाव विचारत नाही.

समजा, फ्रिजची किंमत 36,000 रुपये सांगितली. योजना '12/4' ची, म्हणजे बारा हप्ते आणि त्यातले चार आगाऊ. काउंटरवर 12,000 भरायचे, उरलेले 24,000 पुढच्या आठ महिन्यांत तीन-तीन हजारांनी. प्रोसेसिंग फी 600 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 708 रुपये. "बाकी एक पैसा जास्त नाही," असं दुकानदार सांगतो, आणि तो खोटं बोलत नाही.

आता त्याच दुकानात विचारा, "रोख दिले तर कितीला द्याल?" समजा तो 33,500 म्हणाला. तर हप्त्यावर घेताना 2,500 ची सूट गेली आणि वर 708 ची फी बसली. शून्य टक्क्याची किंमत झाली 3,208 रुपये. ऐकायला फार वाटत नाही. पण रोखीच्या भावातून आगाऊ भरलेले 12,000 आणि फीचे 708 वजा केले, तर तुम्हाला खरी उधारी मिळाली फक्त 20,792 ची, आणि परत द्यायचे 24,000, तेही आठ महिन्यांत. वार्षिक व्याजाच्या भाषेत हे जवळपास 40 टक्के होतं. घरच्या सोसायटीतून सोन्यावर कर्ज काढून फ्रिज घेतला असता तरी स्वस्त पडला असता.

1 ऑक्टोबर 2024 पासून अशा प्रत्येक नव्या कर्जासोबत बँकेने किंवा फायनान्स कंपनीने केएफएस नावाचा कागद द्यायचा असतो. कर्जाची सगळी मुख्य माहिती त्यात एका जागी येते, आणि फी धरून वार्षिक खर्च किती पडतो ते 'एपीआर' या आकड्यात असतं. वरच्या उदाहरणात व्याज शून्य धरलं तर तिथे साधारण 8 टक्के दिसेल, 40 नाही. बुडालेली रोखीची सूट त्या कागदाला ठाऊकच नसते. म्हणून केएफएस वाचाच, पण रोखीचा भाव आधी विचारा, तोही हप्त्याची गोष्ट काढायच्या अगोदर. एकदा "हप्त्यावर पाहिजे" म्हणालात की सूट गायब होते.

केएफएस वाचताना कर्जाची रक्कम बिलाशी ताडून बघा. 24,000 च्या जागी 26,800 दिसले, तर वाढीव वॉरंटी, विमा किंवा हप्ता-कार्डाची वार्षिक फी आत घातलेली असते. केएफएसमध्ये न लिहिलेला आकार नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. आणखी एक आपल्या कामाचं: हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपल्याकडे काउंटरवरचा पोरगा कन्नड बोलतो, कागद इंग्रजीत असतो आणि आपण मराठीत मान डोलावतो. मराठीतला मागा. हा हक्क आहे, त्याला सीमाप्रश्नाचा संबंध नाही.

दुसरी चूक म्हणजे कर्ज कोण देतंय हे न बघणं. दुकानाचं नाव किंवा मोबाइलमधल्या ॲपचं नाव म्हणजे सावकाराचं नाव नव्हे. ॲप पुष्कळदा मधला दलाल असतं, पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे फायनान्स कंपनी, वेगळीच. केएफएसवर तिचं पूर्ण नाव असतं. ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या एनबीएफसींच्या यादीत किंवा sachet.rbi.org.in वर शोधा. कर्ज देणाऱ्या ॲपांची यादीही रिझर्व्ह बँकेने 2025 पासून ठेवली आहे. सावकाराचं नाव सांगायला काउंटरवरचा माणूस टाळाटाळ करत असेल तर ओटीपी देऊ नका.

डेबिट कार्डावरच्या हप्त्यात हा प्रश्न कमी, कारण कर्ज तुमचीच बँक देते. पण तिथे वेगळा गैरसमज आहे. खात्यात पैसे आहेत म्हणून हप्ता मिळतो असं नाही. बँकेने आधीच मंजूर केलेली मर्यादा लागते आणि ती सगळ्यांना नसते. दुकानदाराने मशिनवर ईएमआय न निवडता साधं कार्ड चालवलं, तर पूर्ण रक्कम एका दमात कापली जाते. पिन टाकण्याआधी मशिनवर महिने आणि हप्ता दिसतो का बघा आणि ती पावती जपून ठेवा.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते. एका कंपनीने नाही म्हटलं की काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "थांबा, दुसऱ्याकडे टाकून बघतो." मग तिसऱ्याकडे. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर नोंदवली जाते, आणि थोड्या दिवसांत तीन-चार चौकश्या दिसल्या की स्कोर घसरू शकतो. पुढच्या वर्षी घरकर्ज काढायचं असेल तर हे नडतं. पहिल्या नकारानंतर पॅन परत घ्या आणि कारण शोधा. "नुसतं तुझं पॅन दे, हप्ते मी भरतो" म्हणणाऱ्या मेव्हण्यालाही हेच लागू. रिपोर्टवर कर्ज तुमच्याच नावाचं असतं.

हप्त्याच्या तारखेकडे आपल्या भागात खास लक्ष द्यावं लागतं. उसाचं बिल हंगामात मिळतं, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. खात्यात पैसे नसले की फायनान्स कंपनी दंड लावते आणि बँक वेगळा आकार घेते. एका चुकलेल्या हप्त्याला दोन टोले. शिवाय उशीर झालेले दिवस रिपोर्टवर उमटतात, मग हप्ता तीन हजारांचा असो वा तीस हजारांचा. ऑटो-डेबिटची संमती देताना कुठलं खातं जोडलं ते बघा. ज्या खात्यात पैसे फिरतात तेच द्या, आणि हप्त्याच्या दोन दिवस आधी रक्कम तिथे ठेवा.

माल परत केला म्हणजे कर्ज मिटलं, असंही धरू नका. दुकानदाराला पैसे फायनान्स कंपनीकडून आलेले असतात, त्यामुळे त्याने ते तिकडे परत करून कर्ज रद्द करून घ्यावं लागतं. तोवर हप्ता कापला जातो. परतीची लेखी पावती घ्या, तिची प्रत त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. ॲपवरून घेतलेल्या कर्जात किमान एक दिवसाची माघारीची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. प्रोसेसिंग फी मात्र, केएफएसमध्ये तसं लिहिलं असेल तर, कंपनी ठेवून घेऊ शकते.

शेवटचा हप्ता गेला की कर्ज फिटल्याची एनओसी मागा आणि ऑटो-डेबिट बंद झालं का ते बँकेत बघा. महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तिथे कर्ज अजून चालू दिसलं तर तक्रार टाका. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. कंपनीकडे तक्रार करूनही दाद लागली नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, किंवा आधी 14448 वर फोन करून विचारता येतं.