भागाकाराआधी तळटीप वाचा: क्षेत्रफळ-लोकसंख्येतल्या या चुका टाळा

धुळ्यात स्पर्धा परीक्षांच्या मुलांना भूगोल शिकवता शिकवता केस पिकले, पण एक चूक काही म्हातारी होत नाही. लोकसंख्या एका तक्त्यातून उचलायची, क्षेत्रफळ दुसऱ्यातून, मोबाइलवर भागाकार करायचा आणि घनता लिहून मोकळं व्हायचं.

मीही हे केलंय. २०१३ साली सराव प्रश्नांची पुस्तिका काढली, दोनशे प्रती. २०११ च्या जनगणनेत जम्मू-काश्मीरची लोकसंख्या १,२५,४१,३०२ आणि तेव्हाच्या अखंड राज्याचं क्षेत्रफळ २,२२,२३६ चौरस किलोमीटर. भागलं, ५६ आलं, छापलं. शिरपूरकडचा एक पोरगा पुस्तिका घेऊन समोर उभा राहिला. "सर, हाई काय शे? जनगणनाना तक्तामा तं १२४ शे."

मी आधी त्यालाच झापलं. घरी जाऊन तक्ता नीट पाहिला, तेव्हा खालची बारीक टीप दिसली. त्या २,२२,२३६ मध्ये भारत हक्क सांगतो ती सगळी जमीन धरलेली आहे. पाकिस्तानच्या ताब्यातली ७८,११४, पाकिस्तानने चीनला देऊन टाकलेली ५,१८० आणि लडाखमधली चीनच्या ताब्यातली ३७,५५५. मिळून १,२०,८४९ चौरस किलोमीटर. तिथे आपला प्रगणक पोचतच नाही, त्यामुळे तिथली माणसं मोजलेली नाहीत. म्हणजे मी जमीन पूर्ण घेतली होती आणि माणसं मात्र निम्म्याहून कमी जमिनीवरची. वजाबाकी केली की उरतात १,०१,३८७, आणि घनता बरोबर १२४ येते. दोनशे प्रतींवर चिठ्ठ्या चिकटवण्यात अख्खा रविवार गेला.

देशाच्या आकड्यातही हेच होतं, फक्त फरक लहान असल्यामुळे लपून राहतो. ३२,८७,२६३ ने भागलं तर ३६८ येतात, जनगणना सांगते ३८२. तेच १,२०,८४९ वजा करून ३१,६६,४१४ ने भागा, ३८२ जमतात. उत्तर अधिकृत आकड्यापेक्षा कमी आलं की मी आधी इथेच संशय घेतो.

पाकिस्तानचं उलट आहे. तिथल्या ७,९६,०९६ चौरस किलोमीटरमध्ये आणि २०१७ च्या जनगणनेतल्या २०,७६,८४,६२६ मध्येही त्यांच्या ताब्यातलं काश्मीर आणि गिलगिट-बाल्टिस्तान धरलेलं नाही. दोन्हीकडून वगळल्यामुळे भागाकार चालतो. घोळ होतो तो नकाशावरून ते भाग क्षेत्रफळात जोडणाऱ्यांचा.

माझ्या वहीत क्षेत्रफळाला दोन रकाने असतात, 'दाव्याचं' आणि 'मोजलेलं'. कुठल्या रकान्यातला ते ठरेपर्यंत आकडा वापरत नाही. मुलांना हा वेळखाऊपणा वाटतो. वाटू दे.

दुसरी लाडकी चूक कूचबिहारच्या छिटमहालांची, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताने आपले १११ तुकडे, सुमारे १७,१६० एकर, बांगलादेशला दिले आणि त्यांचे ५१ तुकडे, सुमारे ७,११० एकर, घेतले. या अदलाबदलीत आपली कागदावरची जमीन साधारण ४१ चौरस किलोमीटरने घटली. एवढं ऐकलं की घाईवाला पोरगा दिलेल्या तुकड्यांतली ३७,३३४ माणसं भारताच्या लोकसंख्येतून वजा करतो. अरे, पण ती भारताच्या जनगणनेत होती कुठे? कागदावर भारतीय, पण मध्ये परका देश, म्हणून २०११ च्या जनगणनेत प्रगणक पोचलाच नाही. हा आकडा दोन्ही देशांनी २०११ मध्ये मिळून केलेल्या वेगळ्या शिरगणतीतला आहे. मिळालेल्या तुकड्यांतली १४,२१५ माणसंही तशीच बाहेर राहिलेली, आणि ती मात्र नंतर आपल्यात आली. म्हणजे जमीन घटली आणि माणसं वाढली. जमीन आणि माणसं एकाच दिशेने सरकतील असं गृहीत धरू नका.

बाकीच्या थोडक्यात. पुदुच्चेरीचे १२,४७,९५३ लोक एका शहराचे नाहीत. कराईकल तमिळनाडूने वेढलेलं, माहे केरळात आणि यानम आंध्रात, सगळे मिळून तो आकडा. नकाशावरचा एकच ठिपका मोजाल तर फसाल. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, पण म्हणून ते वादग्रस्त होत नाही. सीमा तिथे ठरलेली आहे.

आणि कुणी "खानदेशची लोकसंख्या किती?" विचारलं तर आधी त्यालाच विचारा, कुठल्या खानदेशची? जळगाव, धुळे, नंदुरबार धरले तर २०११ ची बेरीज ७९,२९,०७४. पण ब्रिटिशांच्या खानदेश जिल्ह्यात १८६९ पर्यंत मालेगाव, बागलाणही होते, आणि फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. मी तीन जिल्ह्यांची नावं लिहूनच बेरीज देतो. नुसतं 'खानदेश' लिहून आकडा देणाऱ्याला मार्क देत नाही.