नीट पुन्हा देताय? मार्कांच्या मुदतीपासून प्रमाणपत्रांपर्यंत या चुका टाळा

"सर, मागच्या सालचे मार्क चालतेत ना? तीन वर्ष चालतेत म्हनलं त्यानं." दरवर्षी निकालानंतर कोणीतरी वडील हे विचारतातच, आणि 'त्यानं' म्हणजे बहुतेक वेळा परदेशी कॉलेजचा एजंट असतो. तो अर्धं खरं बोलतो. नीट-यूजी पात्रता निकालाच्या तारखेपासून तीन वर्षं धरली जाते, पण ती फक्त परदेशात एमबीबीएसला जाण्यासाठी. महाराष्ट्रात किंवा देशात कुठेही एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएसला प्रवेश हवा असेल, तर त्याच वर्षीचा निकाल लागतो.

याचा अर्थ नीट समजून घ्या. दोन वर्षांतले जास्तीचे मार्क निवडायची सोय इथे नाही. मागच्या वर्षी चांगले होते आणि यंदा पेपर बिघडला, तर यंदाचेच धरले जातात. यंदा फॉर्मच भरला नाही, तर मागचे कितीही असले तरी प्रवेशाच्या यादीत नाव येत नाही. २०२५ च्या परीक्षेचे फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळातच भरायचे होते. गावात तेव्हा हरभरा-गव्हाची काढणी चालू असते आणि पोरगं अकोल्याला किंवा नागपूरला खोलीवर असतं. दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं भरला असेल.

एजंटांची दुसरी थाप जास्त महागात पडते. "आधी परदेशात जा, नीट नंतर देऊ." परदेशी शिक्षणासाठी नीटची अट २०१८ पासून आहे. पात्र न होता गेलेल्या मुलाला परत येऊन इथली परवाना परीक्षा देता येत नाही. शेत गहाण टाकून पाठवण्याआधी एवढं तरी तपासा.

मार्कांवरून मागचं वर्ष आणि यंदाचं वर्ष मोजू नका

पुन्हा द्यायची की नाही हे ठरवताना सगळ्यात मोठी चूक इथे होते. घरात हिशेब असा चालतो: मागच्या साली एवढ्या मार्कांवर सरकारी कॉलेज मिळालं होतं, आपल्याला पन्नास कमी पडले, वर्षभर अभ्यास केला की भरून निघतील. पण ते पन्नास मागच्या पेपरचे होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा २०२३ मध्ये १३७ होती. २०२४ मध्ये सुधारित निकालानुसार ती १६२ वर गेली आणि २०२५ मध्ये १४४ वर उतरली. २०२४ ला सुधारित निकालातही १७ मुलांना ७२० पैकी ७२० होते, तर २०२५ ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या एखाद्या मुलीला दोन्ही वर्षी १५० मार्क पडले असते, तर २०२४ ला ती अपात्र ठरली असती आणि २०२५ ला पात्र. मार्क तेच असून निकाल उलटा, कारण पेपर बदलला.

म्हणून तुलना करायची ती ऑल इंडिया रँकची. आपल्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या यादीत शेवटच्या फेरीला आपल्या प्रवर्गातून सरकारी कॉलेजात शेवटचा प्रवेश कोणत्या रँकवर झाला ते काढा, आणि आपली रँक त्याच्यापासून किती दूर आहे ते बघा. नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया ही जवळची कॉलेजं पहिल्यांदा बघितली जातात, पण यादी अख्ख्या राज्याची बघा. ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्येच रद्द झाला आहे, तेव्हा 'विदर्भाच्या जागा' असा वेगळा हिशेब आता चालत नाही.

रँकमधलं अंतर कळलं की मग ते कुठून भरून निघेल ते शोधायचं. एक नमुना हिशेब बघू. २०२५ पासून १८० प्रश्न सगळेच सोडवायचे असतात. बरोबरला ४, चुकीला उणे १. एका मुलाचं असं समजा: जीवशास्त्रात ९० पैकी ७५ बरोबर, १५ चूक, म्हणजे २८५. रसायनात ३० बरोबर, १२ चूक, म्हणजे १०८. भौतिकात १४ बरोबर, २० चूक, म्हणजे ३६. एकूण ४२९. हा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा जीवशास्त्राची पुस्तकं रटत बसला, तर तिथे जास्तीत जास्त ७५ वाढणार, आणि तेही एकही चूक न होता. भौतिकात मात्र २८ बरोबर आणि १० चूक इतकं जरी झालं, तर ३६ चे १०२ होतात. एकट्या त्या विषयात ६६ वाढतात. ओएमआरची प्रत आणि अंतिम उत्तरतालिका साइटवर थोडेच दिवस असते, तेव्हा ती लगेच उतरवून ठेवा. ती नसली तर हा हिशेब मांडताच येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: चुका नेमक्या कुठे झाल्या हे कागदावर लिहिता येत नसेल, तर फक्त 'अजून एक वर्ष' म्हणून ड्रॉप घेऊ नका.

नीट कितीदा द्यायची याला मर्यादा नाही. 'तीनच वेळा' ही गोष्ट अजून गावोगावी ऐकू येते, कारण २०१७ ला तसं जाहीर झालं होतं, पण आज तशी अट नाही. वयाची वरची अटही २०२२ पासून काढलेली आहे. खाली मात्र प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत. आयआयटीचं वेगळं आहे. जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि वर्षं पहिल्यांदा बारावी दिल्यापासून मोजली जातात. पहिल्या वर्षी बसलो नाही म्हणून ती संधी शिल्लक राहत नाही. दोन परीक्षांचे नियम एकमेकांत मिसळू देऊ नका.

बीएएमएसची जागा घेऊन पुन्हा नीट द्यायची असेल, तर ठरावीक तारखेनंतर जागा सोडताना फी आणि दंडाचा प्रश्न येतो, आणि टीसी-मार्कशीट कॉलेजात अडकलेली असते. त्या वर्षीच्या प्रवेश पुस्तिकेतला जागा सोडण्याचा भाग प्रवेश घेण्याआधी वाचा, नंतर नव्हे. बी.एस्सी. ॲग्री किंवा बी.फार्मचा पर्याय ठेवायचा असेल, तर एमएचटी-सीईटीही नव्याने द्या. तिचे पर्सेंटाइलसुद्धा त्याच वर्षापुरते असतात.

एक गोष्ट रिपीटर मुलांच्या हमखास लक्षात राहत नाही: मागच्या वर्षी चाललेली कागदपत्रं यंदा चालतीलच असं नाही. जातवैधता प्रमाणपत्र पुन्हा काढावं लागत नाही. नॉन-क्रीमीलेअरवर मात्र तारीख असते, आणि राज्याच्या प्रवेशासाठी ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. केंद्राच्या १५ टक्के जागांसाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळं काढावं लागतं, आणि ईडब्ल्यूएसचं दरवर्षी नवं. निकाल लागल्यावर तहसीलच्या सेतू केंद्रात रांग लागते, म्हणून एप्रिल सुरू झाला की उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करा. बारावी आणि प्रवेश यांच्यातल्या वर्षाचं गॅपचं प्रतिज्ञापत्र कॉलेजात मागतात, तेही त्याच खेपेत करून घ्या.